आईच्या भिवया गेल्या आणि आता केसांची रेषा मागे सरकते आहे : फ्रंटल फायब्रोझिंग अ‍ॅलोपेशियाच्या उपचारांविषयी

सायली_सांगली

माझी आई ६३ वर्षांची आहे आणि तिची पाळी जाऊन चौदा-पंधरा वर्षे झाली आहेत. तीनेक वर्षांपूर्वी तिच्या भिवया विरळ होऊ लागल्या. वयामुळे होत असेल असे समजून ती पेन्सिलीने भिवया रेखू लागली आणि विषय तिथेच राहिला. गेल्या दिवाळीत जुने फोटो पाहताना लक्षात आले की तिचे कपाळ पूर्वीपेक्षा बरेच मोठे दिसते आहे. केस फक्त समोरून आणि दोन्ही कानशिलांवरून मागे गेले आहेत, डोक्यावर मागे मात्र दाट आहेत. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून फ्रंटल फायब्रोझिंग अ‍ॅलोपेशिया असे निदान सांगितले आणि ड्युटास्टेराइडची कॅप्सूल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या, रात्री लावायला टॅक्रोलिमसचे मलम आणि केसांच्या रेषेवर स्टेरॉइडची इंजेक्शने असा उपचार लिहून दिला.

अडचण अशी झाली की औषधांच्या दुकानात आईला सांगण्यात आले, "ही कॅप्सूल पुरुषांच्या प्रोस्टेटची आहे, काकू." तेव्हापासून ती कॅप्सूल घ्यायला तयार नाही. शिवाय तिला मधुमेह आहे आणि ती ग्लिमेपिराइड घेते. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही कॅप्सूल खरोखरच या आजारात देतात का? गेलेले केस परत येतात का? आणि आजार थांबला हे घरी कसे ओळखायचे?

कृष्णाकाठ

सायलीताई, भिवया जाण्याचे एक नेहमीचे कारण थायरॉइड असते. भिवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा आधी विरळ होतो. माझ्या मावशीला असेच झाले होते आणि गोळ्या सुरू झाल्यावर भिवया बऱ्याच भरून आल्या. त्यामुळे आधी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. दुसरे असे की आपल्याकडच्या बायका आयुष्यभर केस ताणून अंबाडा घालतात, त्याने कपाळावरचे केस मागे जातात. अंबाडा सैल बांधला तर पुढचे नुकसान टळते, त्याला एवढी मोठी औषधे कशाला?

पांढरा_कोट

कृष्णाकाठ यांचा थायरॉइडचा मुद्दा रास्त आहे आणि ती तपासणी करायलाच हवी, कारण या आजाराच्या रुग्णांमध्ये थायरॉइडचे दोष बरेचदा आढळतात. मात्र थायरॉइड सापडला म्हणून हा आजार नाही असे ठरत नाही. थायरॉइडची गोळी सुरू करून सगळे वाट पाहत बसतात आणि तेवढ्या काळात केसांची रेषा आणखी मागे जाते, हे मी तीस वर्षांच्या बाह्यरुग्ण विभागात अनेकदा पाहिले.

अंबाड्याने जाणाऱ्या केसांची खूण वेगळी असते. ताणाने केस जातात तेव्हा लांब केस तुटतात किंवा उपटले जातात, पण अगदी कडेची बारीक लव ताणात सापडत नाही, म्हणून ती कपाळाच्या कडेला झालरीसारखी शिल्लक राहते. या आजारात नेमकी तीच लव सर्वांत आधी जाते. त्यामुळे रेषा एकदम कापल्यासारखी दिसते आणि केस सुरू होतात ते थेट जाड केसांनीच. अंबाड्याने भिवयाही जात नाहीत.

सायली, दिवसाच्या उजेडात आईचे केस मागे घेऊन तीन गोष्टी पाहा. पहिली, आताच्या केसरेषेच्या पुढे, गुळगुळीत झालेल्या कातडीवर एखाददुसरा लांब केस एकटाच मागे राहिलेला दिसतो का. दुसरी, रेषेवरच्या केसांच्या मुळाशी लालसर किंवा तपकिरी कडे आणि पांढरी पापुद्र्यासारखी खपली दिसते का. तिसरी, आईला भिवया वर उचलायला सांगा. कपाळावर आठ्या जिथपर्यंत पडतात त्याच्या वर आठी न पडणारा, जरा फिकट आणि चकचकीत पट्टा दिसला, तर तो पूर्वी केसांखाली झाकलेला भाग आहे. त्याला वर्षानुवर्षे ऊन लागलेले नाही, म्हणून त्याचा रंग वेगळा असतो. हा पट्टा किती रुंद आहे त्यावरून केस कुठून कुठवर मागे गेले याचा अंदाज बांधता येतो.

रानजाई

मलाही पाळी गेल्यानंतर हाच त्रास झाला. आंघोळीच्या वेळी केस मुठीमुठीने जात होते आणि भांग रुंद झाला होता. मी मिनॉक्सिडिल लावले आणि लोहाच्या गोळ्या घेतल्या. सात-आठ महिन्यांत फरक पडला. काकूंना आधी हे करून पाहू द्या, स्टेरॉइडची इंजेक्शने ऐकूनच भीती वाटते.

पांढरा_कोट

रानजाई, तुमचा त्रास आणि या काकूंचा त्रास यांत मूलभूत फरक आहे. तुमच्या केसांची मुळे जिवंत होती, केस फक्त बारीक होत होते किंवा लवकर गळत होते, म्हणून मिनॉक्सिडिलला प्रतिसाद मिळाला. या आजारात शरीराच्याच पांढऱ्या पेशी केसाच्या मुळाच्या वरच्या भागावर हल्ला करतात, आणि नवा केस घडवणाऱ्या मूळ पेशी नेमक्या तिथेच असतात. त्या मेल्या की त्या जागी व्रणाच्या धाग्यांसारखी ऊती भरते आणि ते छिद्रच बुजते. बुजलेल्या छिद्रातून केस आणणारे औषध आज कुणाकडेही नाही. म्हणूनच काकूंच्या उपचाराचा हेतू केस उगवणे हा नाही, उरलेले राखणे हा आहे. मिनॉक्सिडिलचा पूरक उपयोग होऊ शकतो, कारण या वयात बऱ्याच स्त्रियांना मागचे केसही विरळ होण्याचा त्रास सोबत असतो, पण ते ही सरकती रेषा थांबवत नाही.

सायली_सांगली

काल रविवारी सांगलीला जाऊन आईला खिडकीपाशी बसवून पाहिले. डाव्या कानशिलाजवळ गुळगुळीत कातडीवर तीन लांब केस वेगवेगळे उभे आहेत, त्यांच्या आणि उरलेल्या केसांच्या मध्ये जवळजवळ दोन बोटे मोकळी जागा आहे. मुळांशी लाली नीट ओळखता आली नाही, पण पांढरी खपली आहे आणि आई म्हणते की तिथे कधीमधी चुरचुरते. आठ्यांच्या वरचा फिकट पट्टा मात्र इतका स्पष्ट आहे की आजवर आम्हाला तो दिसला कसा नाही याचे आश्चर्य वाटले.

आणखी एक विचारायचे आहे. आईच्या गालांवर आणि कानशिलांवर करडे-काळपट डाग आहेत. ते भिवया जाण्याच्याही आधीपासून आहेत आणि वांग म्हणून त्यांवर वेगवेगळी क्रीम लावून झाली, एकाचाही उपयोग झाला नाही. त्याचा याच्याशी काही संबंध असतो का?

पांढरा_कोट

असू शकतो, आणि भारतीय रुग्णांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लायकेन प्लॅनस पिग्मेंटोसस नावाचा काळपट डागांचा आजार या केसांच्या आजाराचा सख्खा भाऊ आहे आणि सावळ्या वर्णाच्या स्त्रियांमध्ये तो अनेकदा केस जाण्याच्या काही वर्षे आधी चेहऱ्यावर उमटतो. वांगाचा रंग साधारणपणे तपकिरी असतो आणि तो गालांच्या उंचवट्यावर, वरच्या ओठावर येतो. हे डाग करड्या किंवा निळसर छटेचे असतात आणि कानशिलांवर, कानापुढे, मानेवरही पसरतात. तुमच्या डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा. आपल्या वर्णात केसांच्या मुळाची लाली पटकन दिसत नाही, डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, पाहिल्यावरच कळते. मूळ वर्णने गोऱ्या स्त्रियांची असल्याने आपल्याकडे लाली शोधत बसले की निदान हुकते. कोसार्ड यांनी ऑस्ट्रेलियात 1994 मध्ये हा आजार पहिल्यांदा वेगळा ओळखला, तो पाळी गेलेल्या सहा स्त्रियांच्या नोंदींवरून.

बायॉप्सीचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही, तरी लिहून ठेवतो. चित्र इतके स्पष्ट असेल तर अनेक तज्ज्ञ ती करत नाहीत. करायचीच ठरली तर चार मिलिमीटरचा तुकडा खपली असलेल्या, अजून केस असलेल्या कडेवरून घ्यावा. गुळगुळीत भागातून घेतला तर फक्त व्रणाची ऊती दिसते आणि अहवालात जुनाट व्रण एवढेच लिहून येते, ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

आता प्रोस्टेटच्या कॅप्सूलविषयी. दुकानदाराने सांगितले ते खोटे नाही. ड्युटास्टेराइडची मान्यता प्रोस्टेटसाठीच आहे आणि या आजारात ते मान्यतेबाहेर वापरले जाते. टेस्टोस्टेरॉनचे अधिक तीव्र संप्रेरकात रूपांतर करणारे विकर ते रोखते. या स्त्रियांची संप्रेरके रक्ततपासणीत बहुधा सामान्यच येतात, त्यामुळे औषध नेमके कसे काम करते हे कुणालाच पुरते उलगडलेले नाही. तरीही रेषा स्थिर होण्याचा सर्वांत चांगला अनुभव या गटातील औषधांचा आहे. मात्रा साधारणपणे 0.5 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल अशी असते, काही डॉक्टर रोज देतात, काही आठवड्यातून तीन-चार वेळा. फिनास्टेराइड दिले तर ते 2.5 ते 5 मिलिग्रॅम असते.

पाळी गेलेल्या स्त्रीला ही औषधे देणे त्या मानाने सोपे असते, कारण यांतला मुख्य धोका पोटातील मुलग्याच्या वाढीला आहे. पण घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या किंवा गळणाऱ्या कॅप्सूलला तिने हात लावू नये, कारण ते औषध कातडीतून शोषले जाते. आईला पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर तेही आधी सांगावे. आणि ही कॅप्सूल घेत असताना व थांबवल्यावर सहा महिने रक्तदान करू नये, कारण औषध शरीरातून फार सावकाश निघते.

सायली_सांगली

गरोदर वहिनी घरातच आहे, म्हणजे ही सूचना नेमकी आमच्यासाठी आहे. आईची डबी आता वेगळ्या कपाटात ठेवू. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे काय? आईचे वजन 62 किलो आहे.

पांढरा_कोट

त्याची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅम अशी धरतात, म्हणजे 62 किलोला 310. गोळी 200 ची असते, म्हणून एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दोन अशी दिली तर सरासरी 300 होते आणि मर्यादेत बसते. रोज 400 मात्र जास्त होईल. हे औषध वर्षानुवर्षे घेतले तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी पडद्याची तपासणी करतात. मूत्रपिंड कमकुवत असेल तर ती आधीपासूनच करावी लागते.

तुमच्या बाबतीत मला अधिक काळजी ग्लिमेपिराइडची वाटते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन स्वतःही साखर कमी करते, त्यामुळे दोन्ही मिळून साखर अचानक उतरू शकते. उलट स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनंतर काही दिवस ती वाढू शकते. मधुमेहाच्या डॉक्टरांना ही यादी दाखवा आणि पहिले दोन-तीन महिने घरी ग्लुकोमीटरने साखर पाहत राहा. हाताला कंप, घाम, भोवळ असे झाले तर ते वयाचे किंवा अशक्तपणाचे आहे असे धरून चालू नका.

मांडवी_काठी

मी फोंड्याची, वय 58. मला हा आजार चार वर्षांपासून आहे, म्हणून मोजणीविषयी मी लिहिते, कारण आरशात पाहून काहीच कळत नाही. एक दिवस केस मागे गेल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी वाटत नाहीत.

भिवया नसल्यामुळे मोजणी सुरू कुठून करायची हाच पहिला प्रश्न असतो. आम्ही नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये जो खोलगट भाग असतो, तो बिंदू धरला. तिथून सरळ वर पहिल्या दाट केसांपर्यंत मऊ टेप लावायची, एकट्या राहिलेल्या केसांपर्यंत नव्हे. कानशिलांसाठी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून आडवे मोजायचे. केस ओले करून मागे विंचरलेले असावेत आणि प्रत्येक वेळी त्याच माणसाने मोजावे. माझी मुलगी दर तीन महिन्यांनी मोजते आणि त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून फोटो काढते.

माझे मधले माप उपचारापूर्वी नऊ महिन्यांत 7.8 वरून 8.3 सेंटिमीटरवर गेले होते. फिनास्टेराइड आणि इंजेक्शने सुरू झाल्यावर खाज दोन महिन्यांत थांबली आणि मी निर्धास्त झाले, पण माप पुढच्या तीन-चार महिन्यांत 8.5 झाले. तेव्हा डॉक्टरांनी समजावले की खाज थांबणे आणि आजार थांबणे एक नव्हे. नंतरच्या दीड वर्षात मात्र माप 8.5 आणि 8.6 यांच्यामध्येच राहिले आहे. एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजणीतही येतो, म्हणून एका मापावरून ना घाबरावे ना हुरळून जावे. सलग तीन मापे वाढली तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

इंजेक्शनांविषयीही सांगते. दीड-दोन महिन्यांच्या अंतराने रेषेवर ओळीने टोचतात, दुखते पण सहन होते. एकदा एका जागी खळगा पडला होता, तो भरायला बरेच महिने लागले. त्यानंतर डॉक्टरांनी औषध अधिक पातळ केले.

तर्कशील_वाचक

मांडवीताई, तुमची नोंद उत्तम आहे, पण एक शंका नोंदवतो. हा आजार काही वर्षांनी काही रुग्णांमध्ये आपोआपही थांबतो. मग तुमचे माप फिनास्टेराइडमुळे स्थिरावले की आजार आपल्याच गतीने शांत झाला, हे कसे सांगता येईल? या औषधांविषयीची बहुतेक माहिती जुन्या कागदपत्रांवरून मागे वळून केलेल्या अभ्यासांतून आलेली आहे. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला नुसती साखरेची गोळी, अशा मोठ्या चाचण्या जवळपास नाहीतच.

पांढरा_कोट

आक्षेप योग्य आहे आणि मी तो खोडू शकत नाही. एवढेच सांगतो की अनेक केंद्रांच्या नोंदींत या औषधांवर असलेल्या स्त्रियांची रेषा स्थिर राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा चांगले दिसते आणि रोज घेणाऱ्यांमध्ये ते अधिक चांगले दिसते. हा पुरावा मध्यम प्रतीचा आहे. पण थांबून पाहण्याची किंमत अशी आहे की त्या काळात जे केस जातील ते परत मिळणार नाहीत. म्हणून सरकणारी रेषा दिसत असेल तर मी उपचार सुरू करतो. पुढे वर्ष-दोन वर्षे ती स्थिर राहिली तर आधी इंजेक्शने, मग गोळ्या, अशा क्रमाने हळूहळू कमी करतो. नेमके कधी सगळे थांबवावे यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही.

कृष्णाकाठ

सनस्क्रीनमुळे हा आजार होतो असे मी कालच वाचले. मग काकूंनी ते बंद केलेले बरे नाही का?

तर्कशील_वाचक

ब्रिटनमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रश्नावली-अभ्यासात या स्त्रियांमध्ये सनस्क्रीनचा वापर अधिक आढळला होता. पण कपाळ मोठे आणि उघडे पडलेली स्त्री सनस्क्रीन जास्त लावणारच, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र 2019 च्या अभ्यासात दिसून आला आहे, विशेषतः प्रतिकारशक्तीशी निगडित एका जनुकाचा.

पांढरा_कोट

शिवाय या काकूंच्या चेहऱ्यावर डाग आहेत आणि ऊन लागले की ते गडद होतात. मी माझ्या रुग्णांना टोपी, छत्री आणि पदर सुचवतो. सनस्क्रीन हवेच असेल तर सुगंध नसलेले घ्यावे आणि केसरेषेपासून बोटभर खालीच थांबावे. हा माझा व्यावहारिक तोडगा आहे, त्यामागे सिद्ध झालेले असे काही नाही.

न्यू_जर्सीकर

केस परत येणार नसतील तर प्रत्यारोपण हा सरळ उपाय वाटतो. माझ्या मित्राने केले आहे आणि निकाल छान आहे.

पांढरा_कोट

तुमच्या मित्राचा त्रास बहुधा पुरुषी टकलाचा असेल, तिथे लावलेला केस टिकतो. इथे तीच पांढऱ्या पेशींची फौज लावलेल्या केसांच्या मुळांवरही चालून जाते. सुरुवातीच्या वर्षात निकाल छान दिसतो आणि पुढच्या वर्षांत लावलेले केस कमी होत जातात. म्हणून आजार किमान दोन वर्षे शांत असल्याची मापांनिशी खात्री झाल्यावरच आणि औषधे चालू ठेवूनच त्याचा विचार करावा, तोही तुटपुंज्या अपेक्षेने. दोन वर्षांची मापे न मागता जो दवाखाना तारीख देतो तिथून उठून यावे.

सायली_सांगली

आईशी बोलले. मान्यतेबाहेरचा वापर म्हणजे काय हे डॉक्टरांनीच फोनवर सांगितल्यावर ती कॅप्सूल घ्यायला राजी झाली आहे. कालचे पहिले माप मध्ये 8.1 आणि कानशिलांवर डावीकडे 3.9, उजवीकडे 3.6 आले. मधुमेहाच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू होताना ग्लिमेपिराइडची मात्रा अर्धी केली आहे.

आईला केसांपेक्षा भिवयांचेच अधिक वाईट वाटते. त्या परत येण्याची काही शक्यता असते का, आणि तोवर मायक्रोब्लेडिंग, म्हणजे कातडीत बारीक रेघा कोरून रंग भरून भिवया काढणे, करून घेतले तर चालेल का?

मांडवी_काठी

माझ्या भिवयांमध्ये पातळ इंजेक्शने तीन वेळा दिली. डाव्या भिवईत थोडे केस आले, उजवीकडे काहीच नाही. मायक्रोब्लेडिंग मी दुसऱ्या वर्षी करून घेतले आणि मला ते फार आवडते.

पांढरा_कोट

भिवया ही या आजारातली एकमेव जागा आहे जिथे, नुकतेच केस गेले असतील तर, काही परत येण्याची आशा धरता येते. तिथे औषध 2.5 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतके पातळ वापरतात, कारण डोळ्याभोवतीची कातडी लवकर पातळ होते. तीन वर्षांनंतर शक्यता कमी असते, पण एक-दोन फेऱ्या करून पाहायला हरकत नसते. मायक्रोब्लेडिंगबद्दल माझे सहकारी दोन मतांचे आहेत. लायकेन प्लॅनसच्या आजारांत कातडीला ओरखडा पडला की तिथे नवा डाग उमटण्याची प्रवृत्ती असते, म्हणून काही जण ते नकोच म्हणतात. मी आजार शांत झाल्याशिवाय होकार देत नाही, आणि तुमच्या आईच्या चेहऱ्यावर डाग अजून सक्रिय असतील तर तोपर्यंत पेन्सिलच बरी.